सात पानांचा लेख, दोन पानांचा कागद

आमच्याकडे महिन्यातून एकदा, ओपीडी आटोपल्यावर, सात-आठ डॉक्टर एकत्र बसतात. चहा-पोहे होतात आणि मग कुणीतरी एक जण एखाद्या वैद्यकीय नियतकालिकातला संशोधन-लेख सगळ्यांसमोर मांडतो. बाकीचे त्या लेखाची चिरफाड करतात. याला जर्नल क्लब म्हणतात. ज्याची पाळी असते त्याने आधी दोन पानांचा एक कागद तयार करून प्रत्येकाच्या हातात द्यायचा असतो, त्याला हँडआउट म्हणतात. लेखात दावा काय आहे, आकडे आणि आकृत्या काय सांगतात आणि कुठे शंका घ्यायला जागा आहे, एवढंच त्यात लिहायचं.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरसाहेब, हे तुमचं आतलं काम, आम्हाला कशाला सांगता? कारण असं की त्याच लेखांतले आकडे हल्ली तुमच्या मोबाईलवर आमच्या आधी पोचतात. ‘अमुक उपायाने मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी’ असं वाचून तुम्ही ओपीडीत येता आणि विचारता, हे खरं का? हो किंवा नाही असं एका शब्दात मी याचं उत्तर सहसा देत नाही. का देत नाही, ते हा कागद कसा तयार होतो हे पाहिलं की कळेल.

यासाठी मी एक आपल्या विदर्भातलाच लेख घेतो. नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत असलेल्या गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांवर एक अभ्यास केला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा लेख डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. बंग पती-पत्नी आपल्या ‘मेडिकल’चेच, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यामुळे आमच्या क्लबात या लेखाबद्दल जरा जास्तच आपुलकी असते. अशा आपुलकीच्या लेखाची तपासणी जरा जास्तच कडक करावी, असं माझं मत आहे.

आधी दावा शोधायचा

लेख सात पानांचा आहे. मी त्यातला निष्कर्षाचा भाग सुरुवातीला वाचत नाही, चक्क कोऱ्या कागदाने झाकून ठेवतो. निष्कर्ष आधी वाचला की पुढचे सगळे आकडे त्याच्याच चष्म्यातून दिसतात. पहिला प्रश्न असा: अभ्यास सुरू करण्यापूर्वी या मंडळींनी काय होईल असं म्हटलं होतं? इथे ते स्पष्ट लिहिलेलं आहे. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, त्यात जंतुसंसर्गाचा उपचारही केला, तर ३ वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी कमी होईल, असं त्यांनी मांडलं होतं. हे वाक्य मी हँडआउटच्या अगदी वर लिहितो. आधी बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ काढणारे लेख काही कमी नसतात. इथे वर्तुळ आधी काढलेलं होतं.

नवजात मृत्युदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांमागे पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांची संख्या. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचा आकडा वेगळा असतो, त्याला अर्भक मृत्युदर म्हणतात. बातम्यांमध्ये या दोघांची सर्रास सरमिसळ होते.

पुढे, कुणावर काय केलं? ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांत दिली नाही, तिथे फक्त नोंदी ठेवल्या. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं दोन्हीकडे नुसतं मोजमाप झालं आणि १९९५ ते १९९८ अशी तीन वर्षं सेवा दिली गेली. सेवा देणाऱ्या होत्या गावातल्याच, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत. बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर काय करायचं, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर पाजायला अडचण असेल तर ती कशी सोडवायची, हे त्या पाहत. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली आणि घरचे तयार असले तर त्या जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्सेझोल देत. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येऊन त्यांचं काम तपासत असे.

हा शेवटचा मुद्दा, पंधरवड्याच्या तपासणीचा, मी कागदावर अधोरेखित करतो. बातमीत तो कधीच येत नाही.

आता मुख्य दावा. मी तो हँडआउटवर असा लिहितो: ‘सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर दोन वर्षांच्या आधारकाळात ६२.० होता, तो सेवेच्या तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो ५७.७ होता, तो ५९.६ झाला. लेखकांच्या मते निव्वळ घट ६२.२ टक्के.’ यात ‘उपयोग झाला’, ‘क्रांतिकारी’, ‘आश्चर्यकारक’ असा एकही शब्द नाही. दाव्याच्या वाक्यात कोण, कुठे, कधी, किती आणि कशाच्या तुलनेत हे सगळं आलं पाहिजे. यातलं एक जरी गळलं तरी त्या वाक्याची बातमी होते.

६२ टक्के आले कुठून?

लेखातला टक्का मी हाताने पुन्हा काढून पाहतो. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या, पाचवी-सहावीचं गणित आहे.

सेवेच्या गावांत ६२.० वरून २५.५, म्हणजे ३६.५ ची घट. ३६.५ भागिले ६२.० केलं की येतात ५८.९ टक्के. मग ६२.२ कुठून आले? तुलनेच्या गावांत काय झालं ते पाहा. तिथे ५७.७ वरून ५९.६, म्हणजे १.९ ची वाढ, ती होते ३.३ टक्के. लेखकांनी ही वाढ त्या घटीत मिळवली आहे. ५८.९ अधिक ३.३ बरोबर ६२.२. ‘निव्वळ’ या शब्दाचा अर्थ हा आहे. सेवा नसती तर याही गावांत मृत्युदर थोडा वाढला असता, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

हे गृहीतक पटण्यासारखं आहे का? माझ्या मते ३.३ टक्क्यांची वाढ ही योगायोगानेही होऊ शकते, गावपातळीवर मृत्युदर दरवर्षी असा वर-खाली होतच असतो. पण ती सोडून दिली तरी ५९ टक्के उरतात. आणि तिसऱ्या वर्षाचे दोनच आकडे, २५.५ आणि ५९.६, शेजारी ठेवले तर फरक ५७ टक्क्यांचा निघतो. तीन वेगळ्या रीतींनी मोजून उत्तर ५७ ते ६२ च्या दरम्यानच येतं. रीत बदलल्यावर उत्तर पार बदलत असेल तर मला झोप लागत नाही. इथे तसं होत नाही.

आकृतीचंही तसंच. लेखातली आकृती मी कॉपी करून कागदावर चिकटवत नाही. तक्त्यातले आकडे घेऊन आलेख स्वतः नव्याने काढतो. या लेखासाठी दोन रेघा पुरतात. आडव्या अक्षावर काळ: डावीकडे १९९३–९५, उजवीकडे १९९७–९८. उभ्या अक्षावर मृत्युदर, आणि तो शून्यापासून सुरू व्हायला हवा. अक्ष ५० पासून सुरू केला तर ५७.७ वरून ५९.६ ची वाढसुद्धा डोंगर चढल्यासारखी दिसते. शून्यापासून काढल्यावर ती रेघ जवळजवळ सपाट दिसते, आणि सेवेच्या गावांची रेघ मात्र वरून सुरू होऊन निम्म्याहून खाली उतरते.

या आलेखावर आधी डावं टोक पाहायचं, उजवं नंतर. डावीकडे दोन्ही ठिपके जवळजवळ आहेत का? आहेत, ६२.० आणि ५७.७. सेवेच्या गावांची अवस्था सुरुवातीला उलट किंचित वाईटच होती. आधीपासूनच बरी असलेली गावं निवडून घेतली, हा आरोप इथे टिकत नाही. पाहणाऱ्याची नजर आधी उजव्या टोकाकडे जाते, कारण तिथे फरक मोठा दिसतो. पण त्या फरकाचा भरवसा डाव्या टोकावर अवलंबून असतो.

शंका कशी लिहायची

दुसरं पान टीकेचं. नवखे डॉक्टर इथे ठरलेली यादी उतरवून काढतात: चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, मोजणाऱ्यांना कोणत्या गावात सेवा आहे हे माहीत होतं, संख्या लहान होती. यातलं काही खोटं नसतं, पण अशा यादीचा उपयोग शून्य. माझा नियम असा की प्रत्येक शंकेपुढे एक वाक्य लिहायचं: ही उणीव असेल तर उत्तर कोणत्या बाजूला झुकेल? आणि ते तपासायला लेखातच काही सापडतं का?

यात सगळ्यात रंजक शंका आहे ती मोजणीची. कल्पना करा, बाळ जन्मलं, एखादा श्वास घेतला आणि गेलं. हा नवजात मृत्यू झाला. पण नोंद करणाऱ्याने ते ‘मृत जन्मलं’ असं लिहिलं तर? मग ते जिवंत जन्मांत धरलं जात नाही, मृत्युदरातही येत नाही. म्हणजे एकही बाळ न वाचवता नवजात मृत्युदर कमी दिसू शकतो. यात कुणाची लबाडी असावीच लागते असं नाही. आपल्या हातून चांगलं काम होतंय असं ज्याला मनापासून वाटतं, त्याची लेखणी नकळत तिकडे वळते.

याचं उत्तर लेखात दोन ठिकाणी सापडतं. पहिलं असं की जन्म-मृत्यूची नोंद सेवा देणाऱ्या आरोग्यदूतांनी केली नाही, वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली, आणि तीही दोन्ही भागांत. दुसरं जास्त पक्कं आहे. लेखकांनी परिजन्म मृत्युदरही दिला आहे. त्यात मृत जन्मलेली आणि पहिल्या आठवड्यात गेलेली, अशी दोन्ही बाळं एकत्र मोजतात. एका रकान्यातलं बाळ दुसऱ्या रकान्यात ढकललं तरी ही बेरीज बदलत नाही. तो दर सेवेच्या गावांत ४७.८ पर्यंत उतरला आणि निव्वळ घट ७१ टक्के होती. नुसती रकान्यांची अदलाबदल झाली असती तर हा दर हलला नसता. म्हणून या शंकेपुढे मी लिहितो: ‘शंका रास्त, पण आकड्यांनी तिचं बऱ्यापैकी निरसन होतं.’

दुसरी शंका तितकी सहज मिटत नाही. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होतं आणि आरोग्यदूतांनी उपचार केल्यावर २.८ टक्के झालं, असं लेख सांगतो. आता टक्के मोडून माणसं मोजा. पहिल्या गटात १६३ बाळं होती, १६.६ टक्के म्हणजे त्यातली २७ गेली. दुसऱ्या गटात ७१ बाळं होती, २.८ टक्के म्हणजे २ गेली. केवळ दोन! योगायोगाने आणखी दोन बाळं गेली असती तर आकडा थेट दुप्पट झाला असता. इतक्या लहान संख्येवरून खरं प्रमाण २.८ च आहे असं म्हणता येत नाही, ते जवळजवळ १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. तरीही ते १६ पेक्षा कमीच राहतं, म्हणजे दिशा बरोबर आहे, पण आकडा घट्ट नाही.

शिवाय हे दोन गट एकाच काळातले नाहीत, एक आधीचा आणि एक नंतरचा. मधल्या काळात आरोग्यदूतांचा हात बसला होता, आयांना ऊब आणि स्तनपानाचं महत्त्व कळलं होतं. म्हणजे वाचलेल्या बाळांचं सगळं श्रेय इंजेक्शनला देता येत नाही. त्यात निदान लक्षणांवरून केलेलं होतं. आधी जोरात रडणारं बाळ आता क्षीण रडतं, नीट चोखणारं बाळ चोखेनासं होतं, अशा खुणांवरून. प्रत्येक बाळाचं रक्त प्रयोगशाळेत पाठवून जंतू सापडले का हे पाहणं शक्य नव्हतं. उद्या निदान सैल झालं, थोडं मलूल बाळही यादीत आलं, तर दगावण्याचं प्रमाण आपोआप कमी दिसेल. ही उणीव उत्तराला ‘उपचार चांगला’ या बाजूला झुकवते. इथे मी लिहितो: ‘पूर्ण निरसन होत नाही.’ पण लगेच खाली एक ओळ घालतो, की एकूण मृत्युदराची घट या निदानावर अवलंबून नाही. संसर्ग म्हणा, आणखी काही म्हणा, बाळ जगलं की गेलं हे मोजायला निदान लागत नाही.

तिसरी शंका गावांच्या निवडीची. चिठ्ठ्या टाकून गावं वाटली नव्हती, दोन भाग निवडले होते. आकडा ३९ आणि ४७ गावांचा दिसत असला तरी एका अर्थाने तुलना दोनच भूभागांची आहे. एका भागात त्या तीन वर्षांत रस्ता झाला, पीक बरं आलं, दुसऱ्यात नाही, तर त्याचाही परिणाम मिसळतो. आधारकाळाची दोन वर्षं आणि सारखी सुरुवात यामुळे भीती कमी होते, जात नाही. अशा वेळी एकच उपाय असतो, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या ठिकाणी करून पाहणं. बांगलादेशात सिल्हेटमध्ये असा प्रयोग चिठ्ठ्या टाकून गट पाडून झाला आणि २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला. तिथे घरी जाऊन सेवा दिलेल्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे परिणाम खरा ठरला, पण गडचिरोलीइतका मोठा नाही. पहिल्या प्रयोगाचा आकडा पुढे लहान होत जाणं हे वैद्यकात नेहमीचं आहे. पहिल्यांदा करणारी मंडळी झपाटलेली असतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोचवलेली असते. पंधरवड्याची तपासणी मी अधोरेखित का केली, ते आता लक्षात आलं असेल.

‘डॉक्टर, मग घरीच बरं ना?’

काही दिवसांपूर्वी माझ्या एका जुन्या मधुमेहाच्या पेशंट काकूंनी मोबाईल पुढे केला. सुनेला नववा महिना होता. मेसेजमध्ये याच अभ्यासाचा उल्लेख होता: घरी उपचार केल्याने बाळमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. काकू म्हणाल्या, “पाहा, घरीच बाळ जास्त सुखरूप राहते म्हणतात. मग दवाखान्याचा खर्च कायले करायचा?”

आकडा खरा होता, फक्त ‘कशाच्या तुलनेत’ हा भाग मेसेजमधून गळला होता. मी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे दोन चौकोन काढले. एका चौकोनात लिहिलं ‘घरी, प्रशिक्षित आरोग्यदूत येते’. दुसऱ्यात लिहिलं ‘घरी, कुणीच येत नाही’. त्या लेखात तुलना या दोघांची होती. दवाखाना लांब आणि महाग असल्यामुळे जिथे बहुतेक बाळांना काहीच मिळत नव्हतं, तिथला तो प्रश्न होता. ‘घर की दवाखाना’ असा चौकोन त्या अभ्यासात नव्हताच. काकूंचं घर मानेवाड्यात, रिक्षाने दवाखाना दहा मिनिटांवर. त्यांच्यासाठी लेखातलं उत्तर नव्हे, तर त्यातली लक्षणं कामाची होती, आणि तीच मी त्यांना लिहून दिली: बाळ नीट पीत होतं आणि आता ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग गार पडलं, श्वास जोरात चालतोय किंवा छाती आत ओढली जातेय, तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

“म्हणजे खोटं नाही, पण आपलं नाही,” काकू म्हणाल्या. माझ्या दोन पानांचा इतका नेमका सारांश क्लबातल्या कुणीही आजवर केलेला नाही.

हँडआउटच्या तळाशी मी नेहमी एक रकाना ठेवतो: ‘आपल्या पेशंटला लागू आहे का?’ या लेखासाठी तिथे दोन ओळी आहेत. पहिली अशी की २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाला घरी भेट देतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशी एक भेट जास्त. बाळाचं वजन, ऊब, पाजणं आणि धोक्याची लक्षणं पाहणं हे या भेटींचं काम. तुमच्या घरी नुकतंच बाळ आलं असेल आणि आशाताई दाराशी आल्या, तर ‘आम्ही डॉक्टरला दाखवतो’ म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नका, बाळाचं वजन करू द्या.

दुसरी ओळ प्रश्नाची आहे, क्लबातल्या चर्चेसाठी: ‘९३ टक्क्यांऐवजी निम्म्याच बाळांपर्यंत भेटी पोचल्या, तर परिणाम निम्मा राहील की त्याहून कमी?’ माझा कल ‘त्याहून कमी’कडे आहे, कारण ज्या घरापर्यंत भेट पोचत नाही ते बहुधा सगळ्यात लांबचं, सगळ्यात गरीब घर असतं, आणि बाळ दगावण्याचा धोकाही तिथेच जास्त असतो. आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमना हे मान्य नाही. त्यांनी पुढच्या महिन्यासाठी दुसरा लेख आणायचं ठरवलं आहे, आणि कागद तयार करण्याची पाळी त्यांची आहे.